लो-सोडियम मीठ आणि टेल्मिसार्टन, एकाच घरात

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, सांगलीत राहतात. बारा वर्षं बीपी आहे, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू आहे. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन १.५ आलं होतं. पोटॅशियमने बीपी उतरतं असं वाचून मी गेल्या महिन्यात घरात लो-सोडियम मीठ आणलं आणि ऑनलाइन पोटॅशियमच्या ९९ मिलिग्रॅमच्या कॅप्सूलही मागवल्या. आता कुणीतरी म्हणालं की हे धोक्याचं आहे. कॅप्सूल बंद करून फक्त मीठ चालू ठेवलं तर चालेल का? की सैंधव आणू?

उत्तर:

उलट झालंय. तुम्हाला कॅप्सूलची भीती वाटतेय आणि मीठ निरुपद्रवी वाटतंय, पण हिशोब केला तर धोका मिठाच्या बरणीत जास्त आहे. दोन्ही आजच थांबवा. टेल्मिसार्टन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. या एक-दोन दिवसांत वडिलांचं रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या. वडिलांना पायात अशक्तपणा, छातीत धडधड, चक्कर असं काही असेल किंवा नाडी फार मंद लागत असेल, तर तपासणीची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढायला सांगा.

आता हिशोब. लो-सोडियम मीठ म्हणजे साध्या मिठातला काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ. प्रमाण कंपनीनुसार बदलतं, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. तिथे ‘पोटॅशियम क्लोराइड’ किंवा नुसतं ‘आयएनएस ५०८’ लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. समजा ते ३० टक्के आहे आणि वडिलांच्या वाट्याला भाजी-आमटी-भाकरीतून दिवसाला आठ ग्रॅम मीठ येतं. आपल्याकडच्या जेवणात तेवढं सहज जातं. आठ ग्रॅमचे ३० टक्के म्हणजे जवळजवळ अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, आणि त्यातलं शुद्ध पोटॅशियम साधारण १२५० मिलिग्रॅम. तुमच्या बारा कॅप्सूल झाल्या. शिवाय हे मीठ थोडं कमी खारट आणि किंचित कडवट लागतं, म्हणून घरोघरी चमचा जरा मोठाच पडतो. ‘चांगलं मीठ आहे, जास्त पडलं तरी काय होतंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही.

हा आकडा केवढा, ते दुसऱ्या बाजूने बघा. जुलाबांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम खाली गेलेल्या पेशंटला आम्ही पोटॅशियम क्लोराइडचं पातळ औषध देतो. त्याच्या १५ मिलीच्या एका मात्रेत साधारण ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे तुमच्या वडिलांना रोज दीड मात्रेपेक्षा जास्त औषध, चिठ्ठीशिवाय आणि रक्त न तपासता, आमटीतून मिळतंय. टेल्मिसार्टन चालू असलेल्या, क्रिएटिनिन १.५ असलेल्या माणसाला हे पातळ औषध कुठलाही डॉक्टर सहजासहजी लिहून देणार नाही.

१२५० मिलिग्रॅमने एवढं काय बिघडतं, असं वाटेल. शरीरात पोटॅशियम शंभर ग्रॅमच्या वर असतं, पण त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत कोंडलेलं असतं. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिळून उरतं जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. हृदयाचा ठोका ठरतो तो या आतल्या-बाहेरच्या फरकावर. बाहेरचं थोडंसं वाढलं तरी हृदयाची वीज बिघडते. म्हणून जेवणातून आलेलं पोटॅशियम शरीर आधी पटकन पेशींत ढकलतं आणि मग सावकाश मूत्रपिंडातून बाहेर काढतं. बाहेर काढण्याचं नव्वद टक्के काम मूत्रपिंडाचंच.

सांगलीकरांना हे पुराच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं. कोयनेत पाऊस पडतो तसं पोटॅशियम रोज येतच राहतं. ते सोडायचं असतं दरवाज्यांतून, आणि दरवाजे वर उचलायचा हुकूम देतं अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही ‘सार्टन’ मंडळी आणि एनालाप्रिल, रामिप्रिल ही ‘प्रिल’ मंडळी हा हुकूमच सौम्य करतात. बीपी उतरतं त्यात या परिणामाचाही वाटा असतो, त्यामुळे हा औषधाचा दोष नाही, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन तर हुकूम दरवाज्यापर्यंत पोचूच देत नाहीत. आणि मूत्रपिंडच जुनं झालं असेल तर दरवाजेच कमी असतात. पाऊस नेहमीएवढा असेल तर एवढ्या दरवाज्यांवरही भागतं. तुम्ही मात्र पाऊस दीडपट केलात.

वडिलांचे दरवाजे किती उरलेत, ते क्रिएटिनिनच्या आकड्यावरून नुसतं बघून कळत नाही. १.५ म्हणजे ‘थोडंसं वाढलंय’ असं रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटतं. वय ७१ आणि पुरुष धरून सूत्रात घातलं तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ४९ येते. तरुण निरोगी माणसात ती शंभराच्या आसपास असते. म्हणजे अर्धी क्षमता गेली, आणि कागदावर दिसला फक्त एक दशांश चिन्हाचा फरक. हल्ली बऱ्याच लॅब ईजीएफआर छापतात. तुमच्या रिपोर्टवर असेल तर तो आकडा आधी बघा.

एक पेशंट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तासगावच्या बाजूच्या एका गावातल्या काकू, वय ६८. साखर आणि बीपी दोन्ही, टेल्मिसार्टन बरीच वर्षं, क्रिएटिनिन १.४. स्त्रियांसाठीच्या सूत्राने त्यांची ईजीएफआर सुमारे ४१ होती, पण ती कुणी काढलेली नव्हती. पावलांवर सूज आली म्हणून त्यांना लघवीची एक गोळी सुरू झाली. या गोळीत टोरसेमाइडबरोबर स्पायरोनोलॅक्टोनही होतं. एका गोळीत दोन औषधं असली की घरच्यांना ती एकच वाटते. त्याच सुमारास पुण्याच्या मुलाने येताना लो-सोडियम मिठाची चार पाकिटं आणली, आईच्या काळजीपोटी. दोन महिने काहीच झालं नाही.

मे महिन्यात गुडघे दुखायला लागले. गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं, पाच दिवस घेतलं. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि अल्डोस्टेरॉनचा हुकूमही मंदावतात, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. मग एका लग्नात जेवण बाधलं, दोन दिवस जुलाब. उन्हाळा, जुलाब, पाणी कमी, तरी लघवीची गोळी आणि बीपीची गोळी नेमाने चालू. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पलंगावरून उठेनात. मुलगा म्हणाला, “सायेब, पायात जीवच न्हाई म्हणत्यात.” सगळ्यांना वाटलं जुलाबाचा अशक्तपणा.

मी नाडी बघितली तर ३८. बीपी ९० च्या आसपास. ईसीजीच्या कागदावर ठोक्याच्या आधीचा छोटा उंचवटा, पी, गायब होता, मधला भाग पसरट झाला होता आणि शेवटचा टी उंच, टोकदार, तंबूसारखा. एवढ्यावर उपचार सुरू करावा लागतो. लॅबचा आकडा यायला पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ हृदय देईलच असं नसतं. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, ईसीजी चालू ठेवून पाच मिनिटांत सावकाश शिरेतून दिलं. पसरट भाग नजरेसमोर अरुंद होत गेला, नाडी ५२ झाली. थोड्या वेळाने तीच मात्रा पुन्हा दिली. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, ते फक्त हृदयाला अर्धा-एक तास सांभाळून घेतं. त्या वेळात पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी दहा युनिट साधं इन्सुलिन आणि सोबत २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली दिलं. जोडीला सॅल्ब्युटामॉलची वाफ. इन्सुलिननंतर पुढचे काही तास दर तासाला साखर बघावी लागते, नाहीतर पोटॅशियम उतरवताना साखर तळाला जाते. रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम ७.४ होतं, क्रिएटिनिन ३.१. मिरजेला हलवलं, एकदा डायलिसिस करावं लागलं. तिसऱ्या दिवशी पोटॅशियम ४.९ वर आलं आणि दोनेक आठवड्यांत क्रिएटिनिन पुन्हा १.५ पर्यंत उतरलं. नशीब म्हणायचं.

या सगळ्यात मीठ पुढे आलं ते शेवटी. औषधं कोणती, म्हणून विचारलं तर सुनेने सगळ्या स्ट्रिप्स पिशवीतून काढून दाखवल्या. मिठाचं नावही निघालं नाही, कारण मीठ कुणी औषधात धरत नाही. डिस्चार्जच्या दिवशी पथ्य सांगताना ती सहज म्हणाली, “मीठ मात्र आम्ही भारीतलं वापरतो.” तेव्हापासून मी बीपीच्या प्रत्येक पेशंटला ‘घरात कुठलं मीठ?’ हे गोळ्यांच्या आधी विचारतो.

यातली कुठलीही एकच गोष्ट असती तर काकू बहुधा निभावून गेल्या असत्या. टेल्मिसार्टन एकटं लाखो लोक वर्षानुवर्षं घेतात. मिठाने आणि लघवीच्या गोळीने पाणी काठापर्यंत आणून ठेवलं होतं, आणि डायक्लोफिनॅक व जुलाबांनी ते काठावरून सांडलं. म्हणून ‘महिनाभर वापरलं, काही झालं नाही’ याचा मला दिलासा वाटत नाही. पोटॅशियम ६ होईपर्यंत पेशंटला अनेकदा काहीच जाणवत नाही. पाय जड होणं, मळमळ, नाडी मंद होणं, ही लक्षणं आली तर उशिरा येतात, आणि कधी पहिलं लक्षण म्हणजे हृदय बंद पडणंच असतं.

कुठल्या गोळ्यांवर हे लागू आहे, तेही सांगतो, कारण ‘बीपीची गोळी’ म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरतात. तुमच्या वडिलांच्या अ‍ॅम्लोडिपिनचा पोटॅशियमशी काही संबंध नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवीच्या गोळ्या उलट पोटॅशियम कमी करतात. त्या असल्या की काही पेशंटना पोटॅशियमचं पातळ औषध लागतंही, पण ते रक्त बघून. सांभाळायचं आहे ते ‘सार्टन’, ‘प्रिल’, स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड आणि ट्रायमटेरीन यांच्याबाबतीत. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांचा एकट्याचा परिणाम थोडा. पण पोटॅशियम वाढलं की नाडी मंदावते आणि या गोळ्याही नाडी मंदावतात, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की अवस्था फार झपाट्याने ढासळते. बीपीशी संबंध नसलेलं आणखी एक नाव लक्षात ठेवा, को-ट्रायमॉक्साझोल. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी देतात, आणि ‘सार्टन’ घेणाऱ्या वयस्कर माणसाचं पोटॅशियम ते काही दिवसांत चढवू शकतं.

आपल्या भागात मुतखडा फार. मुतखड्याची म्हणून जी पातळ औषधं मिळतात त्यांत दोन जातीच्या बाटल्या असतात, दिसायला आणि चवीला सारख्याच. एकीत डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं, म्हणजे सोडियम. दुसरीत पोटॅशियम सायट्रेट, आणि तिच्या ५ मिलीमध्ये बहुधा ११०० मिलिग्रॅम पोटॅशियम सायट्रेट, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. दोन चमचे तीन वेळा घेतलं की दिवसाला २४०० मिलिग्रॅम. मिठाच्या जवळजवळ दुप्पट! वडिलांना कधी लघवीला जळजळ झाली आणि शेजारच्याची अर्धी उरलेली बाटली घरात आली, तर लेबल वाचल्याशिवाय उघडू देऊ नका.

सैंधवाचं विचारलंत. सैंधव आणि पादेलोण दोन्ही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. पोटॅशियम त्यात नावापुरतं, त्यामुळे त्या बाजूने धोका नाही, पण बीपीच्या बाजूने फायदाही नाही. उपवासाला खातात म्हणून ते हलकं, हा समज आहे. सैंधव आणून वडिलांचं सोडियम कमी होणार नाही.

कमी करायचं तर नेहमीचंच आयोडीनचं मीठ ठेवा आणि ते कुठून जातंय ते बघा. मी पेशंटच्या सुनेला विचारतो, भाजीतल्या मिठाचं राहू दे, ताटात वरून काय येतं? पापड, लोणचं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळचं भडंग. भाजीतलं मीठ पाव चमचा कमी करून सगळं घर रुसण्यापेक्षा रोजचं लोणचं आणि भडंग आठवड्यातून एकदावर आणणं सोपं पडतं. बाकी चव लिंबाने आणि लसणाने सावरते. जेवणातलं साधं पोटॅशियम, म्हणजे भाज्या, डाळी, एखादं फळ, हे ईजीएफआर ४९ ला आणि पोटॅशियम ५ च्या आत असताना तोडायचं कारण नाही. फक्त एकदम मोठा डोस होतो त्या गोष्टींवर नजर ठेवा. उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन शहाळी पाजतात. एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. आणि तासगावच्या पाहुण्यांकडून येणारा बेदाणा. १०० ग्रॅम बेदाण्यात साधारण ७५० मिलिग्रॅम. दहा-बारा दाण्यांनी काही होत नाही, पण डबा शेजारी ठेवून टीव्ही बघत बसलं की १०० ग्रॅम कधी संपले कळत नाही.

आता या मिठाची दुसरी बाजू, नाहीतर ते विषच आहे असं तुम्ही गावभर सांगाल. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत जवळजवळ पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. हा फायदा खरा आहे. पण गंभीर मूत्रपिंडविकार असलेले आणि पोटॅशियम वाचवणाऱ्या गोळ्या किंवा पोटॅशियमची पूरकं घेणारे लोक त्या अभ्यासात आधीच वगळले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये असं मीठ सुचवलं तेव्हाही मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि मुलांना त्यातून बाहेर ठेवलं. म्हणजे तुम्ही स्वतः चाळिशीतले असाल, बीपी सीमेवर आणि मूत्रपिंड ठणठणीत असेल, तर हे मीठ तुमच्यासाठी चांगलंच आहे. अडचण एवढीच की आपल्या घरात मिठाची बरणी एकच असते आणि आमटीचं पातेलंही एकच. वडील त्याच पातेल्यातून जेवत असतील, तर बरणी त्यांच्या मूत्रपिंडाप्रमाणे ठरणार.

तपासणीला जाल तेव्हा एक काळजी घ्या. खोटं वाढलेलं पोटॅशियम मी दर आठवड्याला बघतो. दंडाला पट्टा करकचून बांधला, मूठ वारंवार उघडमिट करायला लावली, रक्तपेशी नळीत फुटल्या, की पोटॅशियम पेशींतून बाहेर येतं आणि आकडा फुगतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेला नमुना दुपारपर्यंत पडून राहिला किंवा वेगळा न करता तसाच फ्रिजमध्ये ठेवला, तरीही तेच. त्यामुळे शक्यतो जिथे मशीन आहे त्याच लॅबमध्ये जाऊन रक्त द्या आणि मूठ नुसती सैल ठेवा. आकडा वाढलेला आला आणि पेशंट ठीक असला, तर रिपोर्टवर नमुना ‘हिमोलाइझ्ड’ लिहिलंय का ते बघून लगेच पुन्हा तपासायचं. ‘खोटाच असेल’ म्हणून फाइलला मात्र लावायचा नाही.

पोटॅशियम ५ च्या आत आलं तर मीठ बदलून निश्चिंत व्हा, टेल्मिसार्टन तसंच चालू. ५.१ ते ५.५ आलं तर मीठ आणि कॅप्सूल बंद करून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. बहुतेकांचं तेवढ्यानेच खाली येतं. ५.६ ते ५.९ असेल तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, गोळीची मात्रा कमी करायची की बदलायची ते त्यांना ठरवू दे. ६ किंवा वर असेल तर त्याच दिवशी, आणि तेही ईसीजीची सोय असलेल्या ठिकाणी, रात्र असली तरी. पुढे कधी टेल्मिसार्टनची मात्रा वाढवली किंवा लघवीची नवी गोळी सुरू झाली, तर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघायचं. आणि वडिलांना कधी जुलाब-उलट्या लागल्या, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, ‘बीपीची गोळी आज द्यायची का?’ बऱ्याचदा उत्तर ‘एक-दोन दिवस थांबा’ असं येतं. जेवणखाण पूर्ववत झालं की गोळी पुन्हा सुरू करायची, हेही तेव्हाच विचारून ठेवा, कारण थांबवलेली गोळी सुरू करायला विसरणारे पेशंटही माझ्याकडे कमी नाहीत.